टेम्पो लिलावाला वेळेत पोचायला किमान किती वेग हवा?

हिशोबाचा पाठ : अंतर, वेळ आणि "किमान"

ताईंनो, मागच्या पाठात आपण व्याजाचा हिशोब केला. या वेळी रस्त्याचा हिशोब करू. उत्पादक गटांच्या बैठकीत एक भांडण नेहमी निघतं. माल लिलावाला उशिरा पोचला, भाव पडून मिळाला, मग चूक कोणाची? ड्रायव्हरदादा म्हणतात, "तुम्ही उशिरा सोडलं." आपण म्हणतो, "तुम्ही हळू चालवलं." यात खरं कोण, हे कागदावर पाच मिनिटांत कळतं.

आपलं उदाहरण

एक टोमॅटो उत्पादक गट धरू. पाच जणींचा मिळून ६० क्रेट माल आहे. क्रेट २० किलोचा, म्हणजे १२०० किलो. गावापासून बाजार समिती ४५ किलोमीटर. लिलाव ११ वाजता सुरू होतो. पण ११ ला गेटवर पोचून चालत नाही. गेटवर पावती करायची, टेम्पो रांगेत लावायचा, क्रेट उतरवून मांडायचे. याला अर्धा तास धरू. म्हणजे आपली खरी वेळ ११ नाही, १०.३० आहे. टेम्पो गावातून ९ वाजता निघतो.

प्रश्न असा : टेम्पोचा सरासरी वेग कमीत कमी किती असायला हवा?

हातात वेळ आहे ९ ते १०.३०, म्हणजे दीड तास. दीड तासात ४५ किलोमीटर जायचं तर ४५ ÷ १.५ = ३०. तासाला ३० किलोमीटर. इथवर सगळ्यांना तोंडी येतं.

पण नीट बघा, आपल्याला "बरोबर ३०" नको आहे. ३२ ने गेलं तरी चालेल, ३५ ने गेलं तरी चालेल. २९ ने गेलं तर मात्र चालणार नाही. उत्तर एक आकडा नाही, तर "३० किंवा त्याच्या वर" असं आहे. अशी गोष्ट लिहायला बरोबरचं चिन्ह (=) पुरत नाही. त्यासाठी दोन चिन्हं आहेत :

≥ म्हणजे "त्याच्याइतकं किंवा त्याहून जास्त".
≤ म्हणजे "त्याच्याइतकं किंवा त्याहून कमी".

चिन्हाचं टोक नेहमी लहान आकड्याकडे असतं. गणितात अशा मांडणीला असमानता म्हणतात. बैठकीत आपण "किमान" म्हणतो तिथे ≥ येतं आणि "जास्तीत जास्त" म्हणतो तिथे ≤ येतं. "कोरमसाठी किमान ८ सभासद" हे असं लिहायचं : सभासद ≥ ८.

आता वेगाला व म्हणू. लागणारा वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. हा वेळ दीड तासापेक्षा जास्त नको :

४५ ÷ व ≤ १.५

दोन्ही बाजूंना व ने गुणू. वेग शून्यापेक्षा मोठाच असतो, म्हणून चिन्हाची दिशा बदलत नाही :

४५ ≤ १.५ × व

दोन्ही बाजूंना १.५ ने भागू :

३० ≤ व, म्हणजेच व ≥ ३०

वेळेसाठी आपण "जास्तीत जास्त" लिहिलं आणि वेगासाठी "किमान" निघालं. ते तसंच निघायला हवं, कारण वेळ जितका कमी, तितका वेग जास्त लागतो.

टेम्पो उभा असतो तो वेळ

९ ते १०.३० यातला सगळा वेळ टेम्पो चालत नसतो. मळ्यातल्या वस्तीवर थांबून दोघींचे क्रेट घ्यायचे असतात, त्याला १० मिनिटं. डांबरी रस्त्याच्या फाट्यावर टायरमध्ये हवा बघायची, चहा होतो, तिथे १० मिनिटं. एकूण २० मिनिटं टेम्पो उभाच. ९० मिनिटांतून २० गेली, चालायला उरली ७०.

इथे एक चूक हमखास होते. ७० मिनिटं म्हणजे १ तास १० मिनिटं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काही जणी ४५ ÷ १.१० करतात आणि उत्तर ४०.९ येतं. ते चुकीचं आहे. तासात १०० मिनिटं नसतात, ६० असतात. म्हणून तास सोडून द्या आणि हे एकच सूत्र लक्षात ठेवा :

किमान वेग = किलोमीटर × ६० ÷ मिनिटं

४५ × ६० = २७००. २७०० ÷ ७० = ३८.५७.

आता हा आकडा ३८ धरायचा की ३९? पैशांच्या हिशोबात आपण कधी वर, कधी खाली धरतो. "किमान" काढताना मात्र नेहमी वर धरायचं. ताळा करून बघा. ३८ ने गेलं तर २७०० ÷ ३८ = ७१ मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटभर उशीर. ३९ ने गेलं तर ६९ मिनिटांच्या जरासं वर लागतं, म्हणजे वेळेत. म्हणून व ≥ ३९ धरू.

नुसत्या वीस मिनिटांच्या थांब्याने किमान वेग ३० वरून ३९ वर गेला, हे लक्षात ठेवा.

सगळा रस्ता सारखा नसतो

आता खरी अडचण येते. गावापासून फाट्यापर्यंतचे पहिले १५ किलोमीटर खडीचे आणि खड्ड्यांचे. तिथे भरलेला टेम्पो २० च्या वर नेला की क्रेट एकमेकांवर आदळतात आणि खालचे टोमॅटो फुटतात. तिथला वेग २० धरावाच लागतो. फाट्यापासून पुढचे ३० किलोमीटर डांबरी.

बैठकीत कोणी म्हणेल, "एकूण सरासरी ३९ हवी ना? मग आधी २० आणि नंतर ५८ ने गेलं की झालं. २० आणि ५८ मिळून ७८, त्याचं निम्मं ३९."

ऐकायला बरोबर वाटतं. वेळ मोजून बघू.

खडीचा रस्ता : १५ × ६० ÷ २० = ४५ मिनिटं.
डांबरी रस्ता ५८ ने : ३० × ६० ÷ ५८ = ३१ मिनिटं.
एकूण ७६ मिनिटं. आपल्याकडे होती ७०. म्हणजे ६ मिनिटं उशीर.

असं का झालं? कारण वेगांची बेरीज करून निम्मं केलं की सरासरी वेग मिळत नाही. टेम्पो ज्या वेगाने जास्त वेळ चालला, त्या वेगाचं वजन सरासरीत जास्त पडतं. इथे टेम्पो ४५ मिनिटं २० ने चालला आणि ३१ मिनिटंच ५८ ने. म्हणून सरासरी खाली ओढली गेली. सरासरी वेग एकाच रीतीने काढायचा : एकूण अंतर भागिले एकूण वेळ. ४५ × ६० ÷ ७६ = ३५.५. हवी होती ३९, मिळाली साडेपस्तीस.

मग डांबरीवर खरा किमान वेग किती? ७० मिनिटांतली ४५ खडीवर गेली, उरली २५ :

३० × ६० ÷ २५ = ७२, म्हणजे व ≥ ७२

आता दुसरी बाजू. त्या रस्त्यावर ५० चा फलक आहे, गावं लागतात, शाळा लागते. म्हणून दुसरी असमानता आहे : व ≤ ५०.

दोन्ही एकत्र वाचा. वेग ७२ किंवा त्याहून जास्त हवा, आणि ५० किंवा त्याहून कमी हवा. असा आकडाच नाही. गणिताच्या भाषेत या प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या भाषेत, ९ ला निघालेला हा टेम्पो लिलावाला वेळेत पोचणारच नाही, चालवणारा कोणीही असो. भांडणाचा निकाल इथेच लागतो. चूक ड्रायव्हरदादांची नाही, निघण्याच्या वेळेची आहे. आणि "दादा, दाबा जरा" असं फोनवर सांगणं म्हणजे १२०० किलो माल भरलेली गाडी गावातून, शाळेपुढून ७२ ने न्या असं सांगणं आहे.

वेग वाढवून किती मिनिटं वाचतात?

डांबरीचे ३० किलोमीटर वेगवेगळ्या वेगाने जायला किती मिनिटं लागतात ते बघू :

३० ने गेलं तर ६० मिनिटं
४० ने गेलं तर ४५ मिनिटं
५० ने गेलं तर ३६ मिनिटं
६० ने गेलं तर ३० मिनिटं

वेग दर वेळी १० नेच वाढला. वाचलेली मिनिटं मात्र आधी १५, मग ९, मग ६. वेग जितका जास्त, तितका पुढच्या वाढीचा फायदा कमी आणि धोका जास्त. ५० वरून ६० वर नेऊन मिळतात फक्त ६ मिनिटं. तेवढी तर फाट्यावरच्या चहात जातात.

प्रश्न उलटा करून बघू

वेग काढायच्या ऐवजी आता निघायची वेळ काढू. गावातून निघाल्यापासून १०.३० पर्यंतच्या एकूण मिनिटांना म म्हणू. त्यातली ४५ खडीवर जातात आणि २० थांब्यात, म्हणजे ६५ मिनिटं ठरलेलीच. उरलेल्या (म − ६५) मिनिटांत डांबरीचे ३० किलोमीटर जायचे :

व ≥ ३० × ६० ÷ (म − ६५)
व ≥ १८०० ÷ (म − ६५)

आता यात वेगवेगळ्या वेळा घालू.

९.०० ला निघालं : म = ९०, डांबरीवर किमान वेग ७२
८.५० ला निघालं : म = १००, किमान वेग ५२
८.४० ला निघालं : म = ११०, किमान वेग ४०
८.३० ला निघालं : म = १२०, किमान वेग ३३
८.२० ला निघालं : म = १३०, किमान वेग २८

पहिली १० मिनिटं लवकर निघाल्याने वेग २० ने उतरला. पुढच्या १० मिनिटांनी १२ ने, त्यापुढच्या १० नी ७ ने. फलकावरचा ५० चा आकडा पाळायचा तर ८.५० लाही उशीरच झालेला असतो, कारण ५२ लागतात. ८.४० ला निघालं की ४० पुरतात, आणि ४० ते ५० मध्ये दादांना मोकळीक राहते : ४० ≤ व ≤ ५०.

मग ८.४० ठरवायचं का? रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा येतो, रेल्वेचं फाटक पडतं, समोर उसाचा ट्रॅक्टर असतो. दहा मिनिटं हाताशी हवीत. म्हणून ८.३० ठरवणं बरं. ८.३० ला निघून दहा मिनिटं वाया गेली तरी ४० च्या वेगाने माल वेळेत पोचतो.

हे सूत्र वापरताना एक सांभाळा. म हा ६५ पेक्षा जास्त असेल तरच ते चालतं. समजा टेम्पो ९.३० ला निघाला, तर म = ६०. मग ६० − ६५ = −५, आणि कॅल्क्युलेटर उत्तर देईल −३६०. "वेग उणे ३६० पेक्षा जास्त हवा" हे वाचून कोणाला वाटेल की मग कुठलाही वेग चालेल! खरं तर उलट आहे. खडी आणि थांबे यातच १०.३० वाजून गेलेले आहेत, डांबरीसाठी वेळच उरलेला नाही. उत्तर उणे आलं की समजायचं, पोचणं शक्य नाही.

फाट्यावर घड्याळ बघा

ठरवलेली वेळ रोज पाळली जाईलच असं नाही. टेम्पोबरोबर जी ताई जाते तिने फाटा सोडताना घड्याळ बघायचं. त्या क्षणी मागचं सगळं विसरायचं. किती उशीर झाला, कोणामुळे झाला, ते बैठकीत बोलू. हिशोब फक्त उरलेलं अंतर आणि उरलेली मिनिटं यांचा करायचा. उरलेले ३० किलोमीटर × ६० = १८००, त्याला उरलेल्या मिनिटांनी भागायचं.

९.४५ ला फाटा सोडला : उरली ४५ मिनिटं, वेग ४०. आरामात.
९.५० ला सोडला : उरली ४० मिनिटं, वेग ४५. चालेल.
९.५४ ला सोडला : उरली ३६ मिनिटं, वेग ५०. फलकाची हद्द.

९.५४ च्या पुढे फाटा सोडला तर १०.३० ला पोचणं नियमात बसत नाही. मग काय करायचं? गाडी पळवायची नाही. तिथूनच आडत्यांना फोन करायचा, "अमुक वेळेला पोचतोय, आमची पाटी मागे लावता येईल का" असं विचारायचं. आपण गेटपासून लिलावापर्यंत अर्धा तास धरला आहे. त्या दिवशी रांग कमी असेल तर त्यातली काही मिनिटं वाचूही शकतात. ते फोनवर कळतं, वेगाने कळत नाही. तेही जमत नसेल तर कच्चा माल दुसऱ्या दिवशीच्या लिलावाला ठेवायचा आणि पिकलेला तेवढा मिळेल त्या भावाने सोडायचा, हा निर्णय फाट्यावरच घेता येतो.

९.५४ हा आकडा टेम्पोच्या काचेवर चिठ्ठी लावून ठेवला तरी चालेल. रोज भागाकार करावा लागणार नाही.

अर्धा तास आणायचा कुठून?

गणित म्हणतं ८.३० ला निघा. पण सकाळचा अर्धा तास फुकट येत नाही. पाणी भरायचं असतं, पोरांचे डबे, जनावरांचं. ६० क्रेट भरून टेम्पोत चढवायला तास लागतो. म्हणजे ८.३० ला निघायचं तर साडेसातला सगळ्यांनी बांधावर हजर हवं. पाच जणींतल्या एकीला जरी ते जमलं नाही, तरी आपली असमानता मोडते.

म्हणून सूत्रातल्या दुसऱ्या आकड्यांकडे बघा. ६५ मधले २० थांब्याचे आहेत. वस्तीवरच्या दोघींनी आदल्या संध्याकाळी तोडणी करून क्रेट गावातल्या शेडमध्ये आणून ठेवले, तर १० मिनिटं वाचतात. हवा आदल्या दिवशी बघून ठेवली, तर आणखी १०. मग ६५ च्या जागी ४५ येतात, आणि ८.५० ला निघूनही १०० − ४५ = ५५ मिनिटं डांबरीसाठी मिळतात. १८०० ÷ ५५ = ३२.७, म्हणजे व ≥ ३३. हा तोच वेग आहे जो ८.३० ला निघून मिळत होता. थांबे काढून टाकले तर सकाळची २० मिनिटं घरात राहतात.

कोणत्या गटाला काय जमेल ते त्या गटानेच ठरवावं. संध्याकाळी तोडणी कोणाला जमेल, कोणाला नाही. पण चर्चा "दादा हळू चालवतात" यावरून "आपली वीस मिनिटं कुठे जातात" यावर आली की मार्ग निघतो.

सरावासाठी

१. गावापासून बँक २४ किलोमीटर. कर्जाच्या कागदांवर सह्या करायला अध्यक्ष आणि सचिव यांना १२ वाजता पोचायचं आहे. रिक्षा ११.१५ ला निघते, वाटेत सचिव ताईंना घ्यायला ५ मिनिटं थांबते. किमान वेग किती? रस्त्यावर ४० चा फलक असेल तर दोन्ही असमानता एकत्र लिहा.

२. दूध संकलन केंद्र २० किलोमीटर. ५० मिनिटांत पोचायचं आहे. पहिले ८ किलोमीटर घाटाचे, तिथे वेग १६. उरलेल्या रस्त्यावर किमान वेग किती?

३. तुमच्या गटाचा माल जिथे जातो तिथलं अंतर, थांबे, खराब रस्ता आणि पोचायची वेळ लिहा. निघायची शेवटची वेळ काढा आणि ती इतिवृत्तात नोंदवा.

उत्तरं :

१. ४५ − ५ = ४० मिनिटं. २४ × ६० ÷ ४० = ३६. म्हणून ३६ ≤ व ≤ ४०. जमेल, पण हाताशी फार थोडं आहे. ४० ने गेलं तरी ३६ मिनिटं लागतात, म्हणजे चारच मिनिटं शिल्लक. दहा मिनिटं आधी निघालेलं बरं.

२. घाटाला ८ × ६० ÷ १६ = ३० मिनिटं. उरले १२ किलोमीटर आणि २० मिनिटं. १२ × ६० ÷ २० = ३६. व ≥ ३६. एकूण सरासरी २४ हवी म्हणून "१६ आणि ३२ चं निम्मं २४" असं करून ३२ उत्तर आलं असेल, तर वरचा रस्त्याचा भाग पुन्हा वाचा.

३. याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला कागद घेऊन या, तिथे मिळून ताळा करू.

— क्षेत्रीय समन्वयक